नावं नसलेली मुलाखत : कोण काय बोललं ते नक्की नसताना सारांश कसा लिहायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खानदेशात गावोगाव शेतकऱ्यांच्या, बचतगटांच्या, जुन्या जाणत्या माणसांच्या मुलाखती रेकॉर्ड होतात. पुढे त्या कुणीतरी टाइप करून देतं, आणि हातात येतो ओळींचा सलग गठ्ठा, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट. कोणती ओळ कोणाची, याचा त्यात पत्ता नसतो. त्यावरून सारांश लिहिणाऱ्यांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं घरी बसून घेतलेल्या मुलाखतींची आहेत, कारण खरा घोळ तिथेच होतो: नवरा, बायको, सासू आणि मध्येच डोकावणारा शेजारी सगळे एकाच फोनसमोर बोलतात.

१. ट्रान्सक्रिप्टमध्ये बोलणाऱ्यांची नावंच नाहीत. त्यावरून सारांश लिहिणं बरोबर आहे का?

लिहिता येतो, पण सगळ्या वाक्यांना एकच नियम लावून चालत नाही. प्रत्येक मुद्द्याला एक प्रश्न विचारा: हे वाक्य घरातल्या दुसऱ्या माणसाच्या तोंडी घातलं तर अर्थ बदलतो का? "विहीर पन्नास फूट आहे" हे नवऱ्याने सांगितलं काय नि बायकोने सांगितलं काय, विहीर तेवढीच राहते. असे मुद्दे नावाशिवाय बिनधास्त घ्या.

"मी रात्री पाणी भरायला जाते, भीती वाटते" हे वाक्य मात्र बोलणाऱ्यापासून तोडता येत नाही. अनुभव, मत, तक्रार, कबुली आणि संमती या पाच गोष्टी माणसाला चिकटलेल्या असतात. त्यांत नाव चुकलं, तर सारांश अर्धवट राहतो एवढंच नाही, तो खोटा होतो. म्हणून सगळी मेहनत या दुसऱ्या प्रकारच्या ओळींवर करा. सव्वा तासाच्या मुलाखतीत अशा ओळी वाटतात त्यापेक्षा बऱ्याच कमी निघतात.

२. सुरुवात कुठून करायची? आधी सगळ्या ओळींना नावं लावून घेऊ का?

सगळ्या ओळींना नाही. आधी ओळींना क्रमांक द्या. मग मुलाखतीच्या वेळी खोलीत कोण कोण होतं याची यादी मुलाखत घेणाऱ्याकडून लिहून घ्या. ती ट्रान्सक्रिप्टवरून बनवू नका. ट्रान्सक्रिप्टमध्ये दोनच माणसं दिसतात आणि प्रत्यक्षात ओसरीवर चौघं बसलेली असतात, असं सर्रास होतं.

त्यानंतर फक्त पक्क्या ओळी शोधा, म्हणजे ज्यांचा मालक मजकुरावरूनच ठरतो अशा. "तुमच्या घरात किती माणसं?" ही मुलाखत घेणाऱ्याची. "माझं माहेर पारोळ्याचं" ही, सासू खोलीत नसेल तर, बायकोची. प्रत्येक पक्क्या ओळीसमोर नाव आणि कारण, दोन्ही लिहा. कारण लिहिता येत नसेल तर ती ओळ पक्की नाही, तिथे प्रश्नचिन्ह टाका. कारणाचा हा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण पंधरा दिवसांनी "हे बाईंचं आहे असं का ठरवलं होतं?" असा प्रश्न पडला की त्याचं उत्तर तिथेच सापडतं.

३. प्रश्न आणि उत्तर आळीपाळीनेच येतात ना? एक ओळ विचारणाऱ्याची, एक सांगणाऱ्याची, असं लावत गेलं तर?

सर्वांत जास्त चुका याच पद्धतीने होतात. टाइप करणारा माणूस थोडा विराम आला की नवी ओळ घेतो, त्यामुळे एकाच माणसाचं बोलणं दोन ओळींत फुटतं. कधी दोघांचं बोलणं एका ओळीत मिसळतं, कधी मधला "हां" गाळला जातो. यातलं काहीही एकदा झालं की पुढच्या सगळ्या ओळी उलट्या पडतात: प्रश्न सांगणाऱ्याच्या नावावर, उत्तर विचारणाऱ्याच्या.

ही घसरण पकडायची सोपी रीत आहे. दोघंच बोलत असतील तर दोन पक्क्या ओळी घ्या, समजा ओळ २० विचारणाऱ्याची आणि ओळ ३५ ही पण विचारणाऱ्याची. आळीपाळीने गेलं तर २०, २२, २४ अशा सम ओळी त्याच्या यायला हव्यात, आणि ३५ विषम आहे. म्हणजे २० ते ३५ च्या मध्ये कुठेतरी ओळ फुटली आहे, जुळली आहे किंवा गळली आहे. ती जागा सापडेपर्यंत मधल्या चौदाही ओळी संशयित समजा. दोन्ही टोकं जुळली म्हणून मधलं सगळं बरोबर असेलच, असंही नाही. दोन चुका एकमेकींना झाकतात. आणि तिसरा माणूस बोलत असेल तर ही रीत वापरूच नका.

४. "गेलो" की "गेले" यावरून बाई की बाप्या ते कळतंच ना?

मराठीत कळतं, पण काहीच क्रियापदांवरून. "मी जातो–जाते", "मी गेलो–गेले", "मी विसरलो–विसरले", "मी करायचो–करायचे" यांत बोलणाऱ्याचं लिंग दिसतं. "मी केळी लावली", "मी पाणी भरलं", "मी सांगितलं" यांत दिसत नाही, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं. "मला वाटतं" आणि "मी करणार आहे" यांचंही तसंच. शेतीच्या बोलण्यात "लावली, कापली, विकली" याच क्रियापदांचा भरणा असतो, त्यामुळे ही खूण हवी तेव्हा नेमकी हाती लागत नाही.

आणखी एक फसगत होते. "तलाठ्याकडे गेले" यात "मी" गाळलेला असेल तर ती बाई स्वतःबद्दल बोलते, की कुणी "आमचे हे गेले" असं आदराने सांगतंय? दोन्ही शक्य आहेत. अशी ओळ एकटी वाचून ठरवू नका.

खानदेशातली खरी अडचण त्याहून खोल आहे. बोलणं अहिराणीत झालं आणि टाइप करणाऱ्याने ते प्रमाण मराठीत उतरवलं, तर अहिराणीतल्या "मी जास", "मी करस" याचं त्याला "जातो" किंवा "जाते" करावंच लागतं. "जास" बाईही म्हणते आणि बाप्याही. म्हणजे ट्रान्सक्रिप्टमध्ये दिसणारं "जाते" हा पुरावा नाही, टाइप करणाऱ्याचा अंदाज आहे. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: हे शब्द बोललेले आहेत की उतरवलेले? उतरवलेले असतील तर लिंगाच्या खुणेला स्वतंत्र किंमत देऊ नका. आणि शक्य असेल तिथे टाइप करणाऱ्याला सांगा की अहिराणी तशीच ठेव, प्रमाण मराठी शेजारच्या रकान्यात दे.

५. हाका आणि नाती यांवरून ओळखता येतं का? "आप्पा", "आमचे हे", "मालक"…

येतं, आणि ही खूण व्याकरणापेक्षा भरवशाची आहे. मात्र ती काय सांगते ते नीट समजून घ्या. "आप्पा, तुम्ही सांगा" या ओळीवरून एक गोष्ट पक्की होते: ही ओळ आप्पांची नाही. पुढची ओळ आप्पांचीच असेल असं मात्र ती सांगत नाही. आप्पांना विचारलं आणि उत्तर सूनबाईंनी दिलं, हे घरोघरचं चित्र आहे. हाकेचा उपयोग माणूस वगळायला करा, नेमायला नको.

"मालक" या शब्दाशी जपून. बायकोच्या तोंडी तो नवरा असतो, सालदाराच्या तोंडी शेताचा धनी. सालदार बाजूला बसलेला असेल तर "मालकांनी पैसे उशिरा दिले" या वाक्याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. एक घरातली गोष्ट, दुसरी मजुरीची तक्रार.

"आम्ही" आणि "आपण" यांतला फरकही कामाला येतो. घरचं माणूस मुलाखत घेणाऱ्याला सांगताना "आम्ही कांदेबाग लावतो" म्हणतं. तेच घरच्या माणसाकडे वळून बोललं की "आपण लावली होती ना तेव्हा" असं होतं. "आपण" आलं की बोलणाऱ्याचं तोंड घरच्याकडे वळलंय असं धरायला जागा आहे, आणि मग पुढची ओळ विचारणाऱ्याची नसून घरातल्याच दुसऱ्या कुणाची असू शकते. पण "आपण काय करणार!" मधला "आपण" सगळ्यांसाठी असतो, त्यावरून काही ठरवू नका.

६. एखाद्या उताऱ्यावर हे सगळं करून दाखवाल का?

हा नमुना उतारा आहे. चोपडा तालुक्यातलं केळी लावणारं घर, खोलीत नवरा, बायको आणि मुलाखत घेणारी मुलगी. विषय हरण्या रोगाचा, म्हणजे सीएमव्ही या विषाणूचा. रोगट खोड उपटून नष्ट करावं लागतं म्हणून नुकसान खोडांत मोजतात.

```
१  हरण्या आला तेव्हा किती खोडं काढली?
२  बाराशे.
३  बाराशे नाही, आठशे. बाकीची नंतर काढली.
४  हो, नंतर काढली.
५  मग भरपाई?
६  पंचनामा झाला. पैसे नाही आले.
७  आले ना, अर्धे आले.
८  ते मागच्या वर्षीचे.
९  मी तलाठ्याकडे दर आठवड्याला जाते.
१०  म्हणजे तलाठी टाळाटाळ करतात?
११  हो, तसंच समजा.
```

पक्क्या ओळी आधी. १, ५ आणि १० या मुलाखत घेणारीच्या आहेत, कारण माहिती विचारली आहे आणि पुढे उत्तर आलं आहे. २ आणि ३ एकाच माणसाच्या नसाव्यात, कारण तिसरी ओळ दुसरीला खोडते. तरीही माणूस स्वतःचंच बोलणं असं सुधारतो, म्हणून इथे "बहुधा" लिहा. ७ आणि ८ मध्ये सरळ वाद आहे, ती दोन वेगळी माणसं.

ओळ ४ अवघड आहे. ती आकडा सांगणाऱ्याने मान्य केल्याची खूण असेल, किंवा मुलाखत घेणारीने मान डोलावत शब्द परत म्हटले असतील. पहिलं खरं असेल तर दोघांचं एकमत झालं, दुसरं खरं असेल तर झालं नाही. मजकुरावरून ठरत नाही, म्हणून प्रश्नचिन्ह.

ओळ ९ मध्ये "जाते" आहे, म्हणजे बायको, असं वाटतं. ऑडिओ ऐकला तर शब्द निघतात "मी तलाठीकडे दर हप्ताले जास". खूण गेली (प्रश्न ४ पाहा). आता उरतो आवाज. तोही दोघांचा एकमेकांवर चढलेला असेल तर ओळीसमोर "दोघांपैकी एक" एवढंच लिहायचं.

आता सारांश. कच्चा, चुकीचा असा होतो: "शेतकऱ्याने सांगितले की बाराशे खोडे काढली, भरपाई मिळाली नाही आणि तलाठी टाळाटाळ करतात." यात तीन चुका आहेत. आकड्यावर घरातच दुरुस्ती झाली ती गळली. भरपाईवरचा वाद गळला. आणि "टाळाटाळ" हा शब्द मुलाखत घेणारीचा, तो शेतकऱ्याच्या तोंडी गेला.

नीट केलेला असा: "हरण्या आल्यावर लगेच आठशे आणि बाकीची खोडं नंतर काढली, असं दोघांपैकी एकाने सांगितलं, सुरुवातीला बाराशेचा आकडा आला होता, तो एकूण असावा, पण तसं थेट म्हटलेलं नाही. पंचनामा झाला. भरपाईवर दोघांचं एकमत नाही: एकाच्या मते काहीच आलं नाही, दुसऱ्याच्या मते अर्धे पैसे आले, आणि ते मागच्या वर्षीचे होते असं दोघांपैकी एकाने सांगितलं. दोघांपैकी एक जण दर आठवड्याला तलाठ्याकडे जातो किंवा जाते (कोण ते रेकॉर्डिंगवरून ठरत नाही)." हा सारांश लांब झाला, पण त्यातलं एकही वाक्य मागे घ्यावं लागणार नाही.

भरपाईचं वाक्य बघा. वाद आहे हेच तिथलं सत्य. कोण कोणत्या बाजूला हे न सांगताही ते पूर्ण सांगता आलं.

७. नुसतं "हो" आलं असेल तर ते कोणाचं धरायचं?

दोन गोष्टी वेगळ्या करा. एक, ते कोणी म्हटलं. दोन, ते कशाला म्हटलं. आपल्याकडे ऐकणारा माणूस "हो", "हां", "बरोबर" म्हणत राहतो. त्याचा अर्थ "ऐकतोय, सांगा पुढे" एवढाच असतो. म्हणून उत्तराच्या मधोमध आलेलं "हो" कुणाच्याच मतात धरू नका.

प्रश्नाला आलेलं "हो" धरता येतं, पण शब्द प्रश्नातले होते हे सारांशात दिसू द्या. "तलाठी टाळाटाळ करतात का, असं विचारल्यावर 'हो, तसंच समजा' असं उत्तर आलं" हे वाक्य प्रामाणिक आहे. "तसंच समजा" मध्ये हात राखलेला आहे. तो "हो" मध्ये विरघळवला तर सरकारी माणसावर थेट आरोप उभा राहतो, जो त्या घरातल्या कुणी केलाच नव्हता.

८. अनिश्चितता सारांशात कोणत्या शब्दांत लिहायची? प्रत्येक वाक्याला "बहुधा" लावलं तर वाचवत नाही.

तीनच पायऱ्या ठेवा आणि सारांशाच्या सुरुवातीला त्या एकदा सांगा. नाव सरळ आलं असेल तर ते पक्कं. "बहुधा बायको" असं असेल तर मजकुरात किंवा आवाजात किमान दोन खुणा आहेत आणि उलट खूण एकही नाही. "दोघांपैकी एक" असेल तर ठरवता आलं नाही. चौथी पायरी जोडली की लिहिणाराच गोंधळतो.

"असे सांगण्यात आले" हे वाक्य टाळा. त्यामागे नाव माहीत असूनही न लिहिलेलं असू शकतं किंवा नाव माहीतच नसेल, वाचणाऱ्याला फरक कळत नाही. "दोघांपैकी एकाने सांगितलं" यात अज्ञान उघड आहे, तेच बरं. ज्या मुद्द्याला नावाची गरज नाही (प्रश्न १), तिथे मात्र काहीच लावू नका: "विहीर पन्नास फूट आहे", पूर्णविराम.

९. एखादं वाक्य फार सुंदर आहे, पण बोलणारा ठरत नाही. अवतरणचिन्हांत देऊ का?

अवतरण द्या, नाव देऊ नका. अट एकच: शब्द ऑडिओवरून तपासलेले हवेत. प्रमाण मराठीत उतरवलेलं वाक्य अवतरणचिन्हांत घालू नका, ते टाइप करणाऱ्याचे शब्द आहेत. अहिराणी मूळ वाक्य द्या, खाली अर्थ द्या.

१०. ऑडिओ आहे. तो ऐकून ओळी कशा तपासायच्या? तासन्‌तास ऐकणं शक्य नाही.

सगळा ऐकू नका, प्रश्नचिन्हाच्या ओळीच ऐका, पण प्रत्येक ओळीच्या आधीची आणि नंतरची अर्धी मिनिटं धरून. वाद किंवा दुरुस्ती कुठे सुरू झाली ते त्या पट्ट्यात कळतं.

आधी सुरुवातीची दोन-तीन मिनिटं ऐका, जिथे माणसं आपापली ओळख सांगतात. तोच प्रत्येकाच्या आवाजाचा नमुना. मग संशयित ओळ ऐकून लगेच नमुना ऐका, पुन्हा ओळ ऐका. आठवणीवर विसंबू नका. बाप-लेक आणि भाऊ-भाऊ यांचे आवाज मिनिटाभरात डोक्यात मिसळतात. Audacity या संगणकावरच्या ऑडिओ प्रोग्राममध्ये ऐकता ऐकता Ctrl+M दाबलं की त्या क्षणी खूण पडते आणि तिथे ओळीचा क्रमांक लिहिता येतो. मग नमुना आणि ओळ यांच्यात उड्या मारणं सोपं जातं.

आवाजाइतकीच अंतराची खूण ऐका. फोन ज्याच्याजवळ ठेवला होता त्याचा आवाज भरीव आणि जवळचा येतो, दाराजवळच्या माणसाचा पातळ आणि खोलीचा घुमारा घेऊन येतो. मुलाखत घेणाऱ्याला बसण्याची जागा आठवत असेल तर हीच खूण कधी कधी आवाजापेक्षा जास्त उपयोगी पडते. मात्र मुलाखतीत कुणी उठून चहा करायला गेलं असेल तर तिथून पुढे ती उपयोगाची नाही. भांड्यांचा आवाज, "बसा हो, आलीच" अशा ओळी टिपून ठेवा.

शक्य असेल तर दुसऱ्या माणसाला त्याच ओळी ऐकायला द्या, तुमचा निकाल न सांगता. दोघांचं जुळलं तर "बहुधा" किंवा पक्कं. नाही जुळलं तर "दोघांपैकी एक". तिसऱ्याला बोलावून बहुमत घेऊ नका, दोन नीट कानांना जे ठरवता आलं नाही ते अनिश्चितच आहे.

११. ऑडिओ पुसला गेला, फक्त टाइप केलेला कागद आहे. मग?

मग बहुतेक ओळी एक पायरी खाली येतात. मजकुरातून निघालेलं पक्कं पक्कंच राहतं ("माझं माहेर पारोळ्याचं" हे पुसलं जात नाही). पण व्याकरणावर आणि आळीपाळीवर ठरवलेलं "दोघांपैकी एक" करा. सारांशाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा की ऑडिओ उपलब्ध नाही. अवतरणं टाळा.

१२. फोन करून "हे तुम्ही म्हणालात का?" असं विचारलं तर?

फोन जरूर करा, पण तसं विचारू नका. त्या प्रश्नाला घरातलं सगळ्यांत मोठं माणूस "हो, मीच" म्हणतं, कारण नाही म्हणणं अवघड वाटतं. त्याऐवजी मुद्दा मोकळा विचारा: "तलाठ्याकडे कोण जातं तुमच्याकडून?" उत्तर आलं तर ते नवीन माहिती म्हणून तारखेसह वेगळं लिहा. ते मुलाखतीतल्या ओळीवर मागे नेऊन चिकटवू नका. माणसं मुलाखतीनंतर आपापसात बोलतात आणि मतंही बदलतात.

ज्या गोष्टी बाईने नवऱ्याच्या पाठीमागे सांगितल्या असाव्यात अशी शंका आहे, त्या घरच्या फोनवर विचारूच नका. त्याबद्दल प्रश्न १४.

१३. बचतगटाची बैठक आहे, आठ-दहा जणी. "बहुतेक जणी म्हणाल्या" असं लिहायचं का?

नाही. नावं नसलेल्या ट्रान्सक्रिप्टमध्ये माणसं मोजता येत नाहीत. एका मुद्द्याला होकार देणाऱ्या पाच ओळी पाच जणींच्या असतील, किंवा बोलक्या एकीच्याच पाच वेळा. "बहुतेक", "चौघींनी", "एकमताने" हे तिन्ही शब्द मोजणीचे आहेत आणि मोजणी झालेली नाही.

लिहायचंच असेल तर मुद्दे मोजा, माणसं नको: "कर्जफेडीचा मुद्दा बैठकीत तीनदा वेगवेगळ्या वेळी निघाला." आणि विरोधी सूर एकाच ओळीत आला असेल तरी घ्या. तो एकीचा आहे की पाच जणींचा हे माहीत नाही, मग "एकच ओळ होती" म्हणून तो गाळण्याचा हक्कही उरत नाही.

बैठकीच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये आळीपाळीची रीत (प्रश्न ३) पूर्ण निकामी असते.

१४. नाव लिहिलं नाही म्हणजे माणूस सुरक्षित, असं ना?

घरातल्या मुलाखतीत तसं नाही. खोलीत एकच बाई असेल तर "एका स्त्रीने सांगितलं" म्हणजे नावच झालं, तेही अंदाजाने लावलेलं. "दोघांपैकी एकाने" हे बाहेरच्या वाचकापुरतं झाकणं आहे. दोघांपैकी दुसऱ्याला बरोबर कळतं.

म्हणून घरच्या तक्रारी, पैशांच्या गोष्टी, मजुरीची भांडणं या ओळींना दोन चाळण्या लावा. बोलणारा ठरला का, आणि ठरला तरी सारांश त्या घरात परत जाणार आहे का. पहिल्या चाळणीत अडकलेली ओळ दुसरीत जायलाच नको: बोलणारा ठरत नसेल आणि ओळीने कुणाला त्रास होऊ शकत असेल, तर ती गावात वाटल्या जाणाऱ्या सारांशात घेऊ नका, फक्त कामाच्या नोंदीत ठेवा. चुकीच्या माणसाच्या तोंडी गेलेली तक्रार खोडता येते, पण त्या घरात त्यावरून झालेलं बोलणं खोडता येत नाही.

सालदाराच्या उपस्थितीत मालकाबद्दलची ओळ असेल तर सावधगिरी दुप्पट (प्रश्न ५).

१५. पुढच्या मुलाखतीत हे टाळायला रेकॉर्डिंगच्या वेळी काय करावं?

सुरुवातीला प्रत्येकाकडून नाव, गाव आणि एक लांबसं वाक्य बोलून घ्या, "या वर्षी काय पेरलं?" एवढा प्रश्न पुरतो. तो आवाजाचा नमुना होतो. प्रश्न विचारताना नाव घेऊन विचारा: "ताई, तुम्ही सांगा." आणि उत्तर दुसऱ्यानेच दिलं तर लगेच म्हणा, "हे आप्पा म्हणाले, ताई तुमचं काय?" ही सवय लागली की ट्रान्सक्रिप्टमध्ये दर दोन-चार मिनिटांनी एक पक्की ओळ आपोआप येते.

वहीत बसण्याचा आराखडा काढा, फोन कुठे ठेवलाय ती फुली मारा. कुणी आलं-गेलं की वेळ टिपा. आणि टाइप करणाऱ्याला फाइल देताना या आराखड्याचा फोटो आणि खोलीतल्या माणसांची यादी सोबत द्या, कारण नावं गाळण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते: त्याला कोण कोण होतं हे कुणी सांगितलेलंच नसतं.